एका पंख्याएवढी चूक

उद्या दुपारी तीन वाजता महाराष्ट्राला किती वीज लागेल, हे आजच ठरवावे लागते. कोळशावरचा संच बटण दाबल्यावर लगेच पूर्ण ताकदीने चालत नाही आणि तयार झालेली वीज फार थोडी साठवता येते. म्हणून महावितरणसारख्या वितरण कंपन्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडतात आणि प्रत्येक भागात किती मागणी असेल, याचा आकडा आदल्या दिवशी देतात. त्यावरून ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची, याचे वेळापत्रक बसते.

हा आकडा काढण्याची मूळ रीत साधी आहे. उद्या मंगळवार असेल, तर गेल्या काही मंगळवारांची याच वेळेची मागणी घ्यायची. समजा, ती 22,000 मेगावॅट होती. हवामान खात्याच्या अंदाजाप्रमाणे उद्या पारा दोन अंशांनी चढणार आहे आणि जुन्या नोंदींवरून दर अंशामागे 300 मेगावॅट वाढतात असे दिसते, तर 600 मिळवायचे. सण किंवा सुट्टी असेल, तर आधीच्या तशाच दिवसाकडे पाहायचे. अवकाळी पावसाची शक्यता असेल, तर कृषिपंपांचा भार वजा करायचा. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. संगणकावरची सूत्रे याहून गुंतागुंतीची असतात. पण त्यांचाही आधार हाच, की उद्याचा दिवस आधी पाहिलेल्या कुठल्या तरी दिवसासारखा असेल. एरवी हे गृहीत खरे ठरते, कारण लाखो घरे, कारखाने आणि पंप आपापल्या सवयीने चालतात. एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीत विरून जाते.

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागली आणि हे गृहीत एका रात्रीत मोडले. कारखाने, कार्यालये, मॉल, लोकल गाड्या बंद झाल्या. राज्याची मागणी 23,000 मेगावॅटवरून 13,000 वर आल्याचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितले. मागणी नुसती घटली नव्हती. तिचा पोतच बदलला होता. कारखान्याची यंत्रे उन्हाळा-हिवाळा सारख्याच जोमाने चालतात, घरातले पंखे आणि एसी मात्र पाऱ्याबरोबर हलतात. कारखान्यांचा वाटा गेला आणि घरांचा वाटा वाढला, की एकूण मागणीच्या मानाने एक अंश उकाडा आधीपेक्षा जास्त जाणवू लागतो. अशा वेळी जुन्या अंदाजातून सरसकट दहा हजार वजा करून भागत नाही, कारण ज्या नात्यावर हिशेब उभा असतो ते नातेच बदललेले असते.

त्यात 3 एप्रिलला पंतप्रधानांनी आवाहन केले, की 5 एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे बंद ठेवून पणत्या लावाव्यात. देशाचे ग्रिड सांभाळणाऱ्या ‘पोसोको’ या संस्थेपुढे दोन दिवसांत सोडवायचा प्रश्न उभा राहिला: मागणी किती घसरेल? असा दिवस कुठल्याच नोंदीत नव्हता. घरगुती दिव्यांचा भार हिशेबात धरून 12 ते 13 हजार मेगावॅटचा अंदाज बांधला गेला. फक्त दिवे बंद करा, पंखे आणि फ्रिज चालू राहू द्या, असे सरकारने स्पष्टही केले होते.

प्रत्यक्षात मागणी 31,089 मेगावॅटने घसरली. अंदाजाच्या दुपटीहून जास्त. हे आकडे घरामागे मांडून पाहिले तर चूक कशी झाली असावी ते उमगते. देशात ढोबळमानाने 25 कोटी घरे धरू. अंदाज होता घरामागे सुमारे 50 वॅटचा, म्हणजे चार-पाच एलईडी दिव्यांचा. प्रत्यक्षात बंद झाले सुमारे 125 वॅट. फरक 75 वॅटचा आणि छताचा साधा पंखा साधारण तेवढीच वीज घेतो. सगळ्या घरांत पंखेच बंद झाले, असे यावरून सिद्ध होत नाही. पण लोक बाल्कनीत, अंगणात आले तेव्हा अनेकांनी खोलीतले सगळेच बंद केले असेल, काहींनी मेन स्विच खाली ओढला असेल. दिव्यांचा हिशेब वॅटमध्ये होतो. माणसे एखाद्या आवाहनाला किती भरभरून प्रतिसाद देतील, याची नोंद कुठल्याच तक्त्यात नव्हती.

ग्रिडमध्ये मागणी अचानक घटली, की जनित्रांवरचा भार हलका होतो, ती वेगाने फिरू लागतात आणि विजेची वारंवारिता 50 हर्ट्‌झच्या वर चढते. ती फार चढली, की संच स्वतःला वाचवण्यासाठी ग्रिडपासून तुटतात आणि एकामागून एक तुटत गेले, तर अंधार पसरतो. त्या रात्री तसे झाले नाही. वारंवारिता 49.70 ते 50.26 हर्ट्‌झच्या दरम्यान राहिली.

अंदाज एवढा चुकूनही ग्रिड टिकले, ते तयारीमुळे. पोसोकोने आपल्याच आकड्यावर भिस्त ठेवली नव्हती. संध्याकाळी धरणांतली वीज राखून ठेवली आणि नवाच्या सुमारास जलविद्युत केंद्रे जोरात चालतील अशी व्यवस्था केली, म्हणजे गरज पडताच ती झपाट्याने उतरवता येतील. पाण्याचा संच काही मिनिटांत वर-खाली करता येतो. कोळशाच्या बॉयलरला ते जमत नाही. पावणेनऊ ते नऊ वाजून दहा मिनिटे या वेळात जलविद्युत निर्मिती 25,559 मेगावॅटवरून 8,016 वर आणली गेली आणि लोकांनी दिवे लावताच पुन्हा चढवली. लोकांनीही सगळे दिवे एकाच क्षणी मालवले नाहीत. काहींनी नवाच्या आधीच सुरुवात केली, त्यामुळे घसरण थोडी पसरट झाली.

धक्का ओसरल्यावर दुसरी अडचण येते: तो नोंदींमध्ये उरतो. एप्रिल 2021 चा अंदाज ‘गेल्या वर्षी याच दिवशी’ असे म्हणत काढला, तर टाळेबंदीची पडलेली मागणी नेहमीची म्हणून धरली जाते. ते वर्ष सरळ गाळले, तर आणखी मागे 2019 पर्यंत जावे लागते आणि मधल्या काळातले बदल हातचे सुटतात. महाराष्ट्रात एप्रिल 2021 मध्ये पुन्हा निर्बंध आले, पण या वेळी अनेक उद्योगांना अटींसह चालू राहण्याची मुभा होती. म्हणजे आदल्या वर्षीची टाळेबंदीही नमुना म्हणून पुरती उपयोगाची नव्हती.

सवय मोडल्याची खूण चुकीच्या आकारापेक्षा तिच्या दिशेत दिसते. नेहमीच्या दिवसांत अंदाज कधी थोडा वर, कधी थोडा खाली जातो. लागोपाठ कित्येक भागांत, दिवसेंदिवस तो एकाच बाजूला चुकू लागला, तर तो योगायोग उरत नाही. तेव्हा वर्षापूर्वीच्या नोंदींचे वजन कमी करून गेल्या आठवड्याचे वाढवावे लागते आणि सूत्राला विचारता न येणारे प्रश्न माणसांना विचारावे लागतात: कोणते कारखाने सुरू आहेत, कोणत्या फीडरवरचे पंप बंद आहेत, लोक घरी आहेत की बाहेर? याची उत्तरे मिळेपर्यंत एका आकड्याऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पल्ला देणे आणि त्या पल्ल्याच्या दोन्ही टोकांना पुरेल एवढी झटपट हलणारी वीज हाताशी ठेवणे, हाच जबाबदार अंदाज. अशी राखीव वीज ठेवायला खर्च येतो आणि बहुतेक दिवशी ती वापरावीही लागत नाही. 5 एप्रिलच्या त्या पंचवीस मिनिटांत मात्र देशाचे ग्रिड तिच्याच बळावर उभे राहिले.