घेतलेली अनामत आणि दिलेली अनामत

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: भाड्याच्या जागेसाठी दिलेलं डिपॉझिट खर्चात टाकायचं का, आणि भाडेकरूकडून घेतलेलं उत्पन्नात धरायचं का? दोन्हीचं उत्तर "नाही" असं आहे. पण एवढं सांगून भागत नाही. ही रक्कम वर्षानुवर्षं वहीत निपचित पडून असते आणि जागा सोडायच्या दिवशी अचानक जागी होते. गोंधळ होतो तो त्याच दिवशी, म्हणून आजचा बराचसा वेळ मी त्या दिवसालाच देणार आहे.

आमच्या जबलपूरमधला एक दुकानदार डोळ्यांसमोर आणा. गोरखपूर बाजारात त्यानं भांड्यांच्या दुकानासाठी जागा भाड्यानं घेतली आहे. भाडं महिना 20,000 आणि जागामालकाकडे अनामत 1,50,000. याच गृहस्थाचं गढ्याला स्वतःचं एक गोदाम आहे, धंद्याच्याच वहीत मालमत्ता म्हणून चढवलेलं. गोदाम रिकामं पडलं होतं म्हणून त्यानं ते एका घाऊक व्यापाऱ्याला दिलं. महिना 12,000 भाडं, त्यावर जीएसटी, आणि अनामत 48,000. म्हणजे एकाच माणसाच्या वहीत तो एका जागी भाडेकरू आहे आणि दुसऱ्या जागी मालक.

आधी करारातला शब्द बघा. आमच्याकडे किरायानामा हिंदीत असतो आणि त्यात कुठं "अमानत राशि" लिहिलेलं असतं, कुठं "पेशगी", कुठं नुसतं "एडवांस". बोलताना सगळे एकच शब्द समजून वापरतात. हिशेबात मात्र ते एक नाहीत. जागा सोडल्यावर परत मिळणारी ती अनामत. पुढच्या भाड्यातून वळती होणारी ती आगाऊ भाडं. आणि पगडीसारखी परत न मिळणारी रक्कम ही तिसरीच गोष्ट. बेंगळुरूकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना माहीत असेल, तिकडं दहा-दहा महिन्यांच्या अनामतीलाही सर्रास अ‍ॅडव्हान्स म्हणतात. तेव्हा शब्दावर विसंबू नका, त्याखालचं वाक्य वाचा. "जागा रिकामी केल्यावर परत करण्यात येईल" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पुढचं सगळं लागू होतं.

आता नोंदी. दुकानासाठी 1,50,000 दिले, तेव्हा बँकेतून पैसे गेले पण खर्च काहीच झाला नाही. आपला पैसा आपल्या खात्यातून उठून जागामालकाकडे जाऊन बसला, एवढंच. म्हणून "दुकान अनामत" हे खातं नावे आणि बँक जमा. ताळेबंदात ते मालमत्तेच्या बाजूला येतं. टॅलीत यासाठी `Deposits (Asset)` हा गट तयारच मिळतो.

गोदामाचे 48,000 आले तेव्हा उलट: बँक नावे, आणि भाडेकरूच्या नावाचं अनामत खातं जमा. हे देणं आहे. इथं मात्र टॅलीत तयार गट मिळत नाही, आणि मग लोक आपापल्या परीनं जागा शोधतात. कोणी ते `Indirect Incomes` मध्ये टाकतो, कोणी `Unsecured Loans` मध्ये. पहिलं सरळ चूक. दुसऱ्यात फसवणूक नाही, पण बँकवाला कर्जाची फाईल बघताना विचारतो की हे कर्ज कोणाचं, व्याज किती. `Current Liabilities` खाली "भाडेकरू अनामत" असा स्वतःचा छोटा गट करा आणि त्यात प्रत्येक भाडेकरूचं वेगळं खातं उघडा.

उत्पन्नात टाकलं तर काय होतं? त्या वर्षी नफा 48,000 नं फुगतो आणि त्यावर कर भरला जातो. दोन-तीन वर्षांनी भाडेकरू जातो, पैसे परत द्यावे लागतात आणि ते खर्चात टाकायची वेळ येते. तो खर्च कशाचा, याला उत्तर नसतं. आणखी एक गोष्ट होते, ती मला जास्त वाईट वाटते. वहीत देणं दिसत नाही म्हणून मालकालाही ते पैसे आपलेच वाटू लागतात. माल भरण्यात ते खपतात. मग भाडेकरू एक महिन्याची नोटीस देतो आणि मालक म्हणतो, "नवा भाडेकरू आला की देतो." तो व्यापारी मात्र नव्या गोदामाची अनामत भरण्यासाठी याच पैशांकडे डोळे लावून बसलेला असतो.

दोन्ही रकमांची वजाबाकी करायची नाही, हेही इथंच सांगतो. 1,50,000 येणं आणि 48,000 देणं, म्हणून "डिपॉझिट" नावाचं एकच खातं आणि त्यात 1,02,000 शिल्लक, असं मी खूप ठिकाणी बघितलं आहे. येणं एका माणसाकडून आहे, देणं दुसऱ्याचं आहे. दुकानाच्या मालकाचा गोदामाच्या भाडेकरूशी काय संबंध? दोन्ही पूर्ण रकमा आपापल्या बाजूला दिसल्या पाहिजेत.

पैसे बँकेतूनच द्या आणि घ्या. आयकर कायदा कर्ज किंवा ठेव 20,000 किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीनं घ्यायला मनाई करतो, आणि परत करण्याबद्दलही तसंच सांगतो. दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो. भाड्याची अनामत त्या अर्थानं "ठेव" ठरते की नाही, यावर वकील वाद घालोत. आपण चेक किंवा ऑनलाइन पैसे द्यावेत आणि त्या वादातच पडू नये.

आता जागा सोडायचा दिवस. आधी गोदाम.

भाडेकरूनं सांगितलं, "शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं अनामतीतून कापून घ्या." मालकानं मान्य केलं. आणि दोन महिने बिलच फाडलं नाही, कारण पैसे आले नाहीत. नेमकं इथं चुकतं. भाड्याचं बिल पैसे आले की नाही यावर अवलंबून नसतं. दर महिन्याला बिल करायचंच: भाडेकरू 14,160 नावे, भाडे उत्पन्न 12,000 जमा, केंद्राचा जीएसटी 1,080 आणि राज्याचा 1,080 जमा. दोन महिन्यांचे मिळून भाडेकरूकडे 28,320 येणं झालं.

अनामत घेतली तेव्हा जीएसटी लागला नव्हता, आणि ते बरोबरच होतं. जीएसटी कायद्याच्या कलम 2(31) मध्ये म्हटलं आहे की सेवेसाठी दिलेली अनामत हा मोबदला नव्हे, जोपर्यंत पुरवठादार ती मोबदल्यापोटी वळती करून घेत नाही. म्हणजे ज्या दिवशी ती भाड्यात वळते, त्या दिवशी तेवढ्या भागाचं अनामतपण संपतं. म्हणून कापताना भाडं 12,000 धरून चालत नाही, कर धरून 14,160 कापायचे. नाहीतर तो कर मालकाच्या खिशातून जातो आणि त्याला वर्षअखेरीपर्यंत कळतही नाही.

शिवाय गोदामाचं वीजबिल मालकाच्या नावावर होतं. शेवटचं बिल 3,180 मालकानं भरलं आणि भाडेकरूच्या खात्यात नावे टाकलं. आता भाडेकरूकडे एकूण येणं 31,500. अनामत 48,000. परत द्यायचे 16,500. नोंद अशी होते:

```
भाडेकरू अनामत खाते      नावे   48,000
    भाडेकरू (येणे) खाते    जमा   31,500
    बँक                   जमा   16,500
```

या नोंदीत उत्पन्नाचं खातं कुठंच नाही, हे लक्षात घ्या. भाडं ज्या त्या महिन्यात आधीच उत्पन्नात गेलं होतं. नोंद झाल्यावर भाडेकरूची दोन्ही खाती शून्यावर यायला हवीत. एकात जरी शिल्लक राहिली तरी काहीतरी सुटलं आहे, आणि बहुतेक वेळा ते न फाडलेलं बिल असतं.

दुकानाकडे गोष्ट वेगळी घडली. भाडं पूर्ण दिलेलं होतं, पण जागामालकानं वाकलेलं शटर आणि रंगकाम यांचे 15,000 कापून 1,35,000 चा चेक दिला. इथं बरेच जण बँक नावे आणि अनामत जमा 1,35,000 अशी नोंद करून मोकळे होतात. अनामत खात्यात 15,000 उरतात आणि पुढची चार-पाच वर्षं ताळेबंदात मालमत्ता म्हणून मिरवतात. ते कधीच परत येणार नाहीत. बरोबर नोंद अशी:

```
बँक                      नावे   1,35,000
जागा दुरुस्ती खर्च         नावे     15,000
    दुकान अनामत खाते      जमा   1,50,000
```

कापलेल्या 15,000 चा हिशेब लेखी मागून घ्या, कोणत्या कामाचे किती ते. तो कागद नसेल तर खर्च मान्य करून घेताना अडचण होते. आणि कपात तुम्हाला मान्य नसेल, भांडण चालू असेल, तर खर्चात टाकायची घाई करू नका. ते येणंच ठेवा, पण "वादातील अनामत" असं वेगळं खातं करून, म्हणजे वही वाचणाऱ्याला कळेल.

टीडीएसबद्दल थोडक्यात. परत मिळणाऱ्या अनामतीवर भाड्याचा टीडीएस कापायचा नसतो, परत न मिळणाऱ्या रकमेवर कापायचा असतो. आयकर खात्यानं हे 1995 मध्येच परिपत्रक काढून सांगितलं आहे. आमच्या दुकानदाराला तो प्रश्न आला नाही, पण मोठ्या भाड्याच्या जागा घेणाऱ्यांनी करारातलं ते वाक्य पुन्हा वाचावं. मोठ्या कंपन्यांना इंड एएस लागू असेल तर बिनव्याजी अनामतीची आजची किंमत काढावी लागते, कारण पाच वर्षांनी मिळणारे दीड लाख आजच्या दीड लाखांएवढे नसतात. छोट्या दुकानदाराला ते करावं लागत नाही.

वर्षअखेरीस बघायचं ते एवढंच: अनामत खात्यातल्या प्रत्येक रकमेला चालू करार आहे का? करार संपलेला, भाडेकरू गेलेला, आणि खात्यात शिल्लक आहे, असं दिसलं तर फोन उचला. आणि गोदामाच्या वीजबिलावर बारीक अक्षरात "सुरक्षा निधि" लिहिलेलं असतं तेही वाचा. ती तुम्ही वीज कंपनीकडे ठेवलेली अनामत आहे. 2003 च्या वीज कायद्यानुसार तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलातून वजा होतं. बहुतेक जण उरलेलं बिल तेवढं भरून तेवढाच वीजखर्च लिहितात. खरं म्हणजे पूर्ण बिल खर्चात आणि व्याज उत्पन्नात जायला हवं, आणि त्या निधीचं खातं दुकानाच्या अनामतीच्याच गटात, तिच्या शेजारी.