वेदनेची जबानी

माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर वसलेले असल्यामुळे, गावच्या डॉक्टरांच्या औषधाने ज्याला गुण येत नाही असा रोगी बहुधा सोलापूरची एसटी धरतो. आणि सोलापुरात मराठीबरोबर कन्नड व तेलुगूही नांदत असल्यामुळे, तेथे त्याची गाठ कधी कधी अशा तज्ज्ञाशी पडते, की ज्याची मातृभाषा कन्नड, ज्याचे वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत झालेले आणि रोग्याशी ज्याचे संभाषण हिंदीत चालते. अशा वेळी सोबत आलेला शिकलासवरलेला नातलग दुभाषी होतो. हे काम मीही पुष्कळदा केले आहे, आणि त्यातली जोखीम एका वयस्क मधुमेही बागायतदाराच्या तपासणीच्या वेळी मला फार जवळून पाहावयास मिळाली.

म्हाताऱ्याने आपली तक्रार अगदी नेमकी मांडली : “तळपायाची नुसती आग होतीया, बोटांत मुंग्या चालत्यात, आन् जमिनीवर पाय टेकला तर कापसावर पडल्यावानी वाटतंय.” सोबत आलेल्या पुतण्याने या साऱ्याचा हिंदीत एवढाच मजकूर केला : “इनके पाँव में बहुत दर्द है.” त्याच्या हेतूत खोट नव्हती, डॉक्टरांचा वेळ वाचावा एवढीच त्याची इच्छा. परंतु त्या एका वाक्यात तीन निरनिराळी लक्षणे गडप झाली. आग आणि मुंग्या या मज्जातंतूंच्या विकाराकडे बोट दाखवतात. पायाखाली कापूस असल्याचा भास हा तळव्याची स्पर्शसंवेदना मंदावल्याची खूण असते. आणि नुसते ‘दर्द’ हे गुडघ्याचे, स्नायूचे, रक्तवाहिनीचे, कशाचेही असू शकते. तेवढ्यावर साधी वेदनाशामक गोळी मिळण्याचा संभव असतो. ती तंतूंच्या आगीवर फारशी चालत नाही, आणि मधुमेही माणसाने ती दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडांना अपाय होण्याचे भय असते.

सुदैवाने डॉक्टर चिकित्सक होते. चालल्याने दुखणे वाढते काय, असे त्यांनी विचारले. “चालाया लागलं की इसरायला हुतं. रातच्याला अंथरुणावर पडलं की सुरू,” असे उत्तर आले आणि ते मी जसेच्या तसे हिंदीत सांगितले. निदानाची दिशा या उत्तराने ठरली. पायाकडे जाणारी रक्तवाहिनी आकसली असती, तर चार पावलांवर पोटरी भरून आली असती व थांबताच उतार पडला असता. विश्रांतीत आणि रात्री वाढणारी, दोन्ही पावलांत सारखी असणारी, बोटांपासून वर सरकणारी आग ही मधुमेहाने तंतू दुखावल्याची नेहमीची रीत आहे. मग डॉक्टरांनी पावलावरील व घोट्यामागील नाडी चाचपली. ती ठीक लागली. म्हाताऱ्याला डोळे मिटावयास सांगून नायलॉनचा एक तंतू, जो दहा ग्रॅम दाबाला वाकतो, अंगठ्याखाली टेकवला. तो वाकला, तरी म्हातारा गप्पच राहिला. कंप पावणारा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला, तेव्हाही थरथर त्याला कळली नाही.

यानंतरचा प्रश्न आहाराचा होता. “माळ हाय गळ्यात,” एवढेच म्हातारा म्हणाला. पंढरपूर जवळ असलेल्या या मुलुखात त्याचा अर्थ मांसमच्छी वर्ज्य, हे सांगणे मला आवश्यक वाटले; कारण ब जीवनसत्त्वांपैकी बारावे मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळते, मेटफॉर्मिनच्या दीर्घ सेवनाने ते आणखी घटू शकते, आणि त्याच्या अभावीही पायांची अशीच दशा होते. सबब साखरेबरोबर त्याचीही रक्ततपासणी लिहून देण्यात आली. गळ्यातल्या माळेचा उल्लेख भाषांतरात सुटला असता, तर ही तपासणीही कदाचित राहून गेली असती.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत इंग्रजी बोलणाऱ्यांचे ७८ शब्द वीस गटांत लावलेले आहेत. आपल्या ठणका, कळ, चमक, ठसठस, चुरचुर, रग या शब्दांना त्यांतील एकेक जोडीदार शोधत बसणे व्यर्थ आहे, असे माझे मत झाले आहे. गळवाचा ठणका नाडीच्या ठोक्यासरशी उसळतो, मुरड्याची कळ येऊन जाते, कमरेतली चमक एका हालचालीत भरते. हे वर्तनच परभाषेत सांगता येते, आणि डॉक्टरांना हवे असते तेही हेच. वेदनेची तीव्रता दहापैकी किती, या प्रश्नावर म्हातारा गोंधळला; “रुपयात किती आणे?” असे विचारताच “बारा आणे” हे उत्तर तात्काळ आले.

तेव्हा वडीलधाऱ्यांना परभाषी डॉक्टरांकडे नेणाऱ्या पुतण्यांना व नातवांना माझी विनंती अशी, की आदल्या रात्री त्यांचीच वाक्ये मराठीत कागदावर उतरवून घ्या. दुखते ती जागा त्यांच्याच बोटाने दाखवू द्या. केव्हा वाढते आणि कशाने थांबते हे विचारून ठेवा. आणि डॉक्टरांपुढे त्यांतले एकही वाक्य आपल्या मनाने आखडते घेऊ नका.