मलप्पुरम खरंच वाढलं का?

जानेवारी २०२० मध्ये केरळमधलं मलप्पुरम अचानक जगभरच्या बातम्यांत झळकलं. 'द इकॉनॉमिस्ट'शी संबंधित संशोधन विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांवरून जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या शहरी भागांची यादी काढली आणि पहिला क्रमांक लागला मलप्पुरमचा. २०१५ ते २०२० या पाच वर्षांत वाढ ४४.१ टक्के! कोळिकोड, कोल्लम, त्रिशूर हीही त्याच यादीत वर होती.

अशा वेळी बातमीदाराने जनगणना कार्यालयाला दोन ओळींचा ई-मेल पाठवायला हवा: "दोन्ही वर्षांच्या आकड्यांसाठी शहराची हद्द एकच धरली आहे का? नसेल, तर आजच्या हद्दीतल्या गावांची जुनी लोकसंख्या मिळवून वाढ किती येते?"

मलप्पुरमच्या बाबतीत या प्रश्नाने सगळं चित्र पालटतं. २००१ च्या जनगणनेत मलप्पुरम नागरी समूहाची लोकसंख्या होती सुमारे १.७ लाख, २०११ मध्ये ती झाली सुमारे १७ लाख, म्हणजे दहापट. एवढी माणसं आली कुठून? बाहेरून तर नाहीतच, कारण त्याच दहा वर्षांत अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या जेमतेम साडेतेरा टक्क्यांनी वाढली. उलट जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या जवळपास दहा लाखांनी घटली. माणसं होती तिथेच राहिली. त्यांची गावं मात्र जनगणनेच्या कागदावर 'शहर' झाली.

गावात किमान पाच हजार वस्ती, दर चौरस किलोमीटरला चारशे माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी पाऊणशे टक्के शेतीबाहेरचे, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की जनगणना त्याला 'जनगणना शहर' म्हणते. कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो. केरळात गावं मोठी, घरं सलग आणि शेतीवर जगणारे थोडे. त्यामुळे राज्यातली जनगणना शहरं दहा वर्षांत ९९ वरून ४६१ झाली. एकमेकांना लागून असलेली ही वस्ती मग एकाच नागरी समूहात मोजली गेली. शिवाय २०२० चा आकडा म्हणजे मोजणी नव्हे, तो पुढचा अंदाज होता.

पडताळणी कुणालाही करता येते. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात गावनिहाय लोकसंख्या मिळते. २०११ च्या समूहात आलेल्या गावांची २००१ ची बेरीज करायची आणि तिच्याशी तुलना करायची. अडचण येते ती गावांच्या सीमाच मधल्या काळात बदललेल्या असतात तिथे. तेव्हा कार्यालयाकडूनच उत्तर घ्यावं लागतं.

पुण्याच्या बातम्या लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न आहे. २०११ ची ३१ लाखांची मोजणी जुन्या हद्दीतली आहे. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. पुढच्या जनगणनेचा आकडा हाती येईल तेव्हा यांपैकी जी गावं महापालिकेच्या हद्दीत असतील त्यांची २०११ ची लोकसंख्या आधी त्या ३१ लाखांत मिळवावी लागेल.