‘प्रोफाइल बघ ना जरा’ असं नको, मग काय विचारायचं?

आजचा विषय छोटा आहे. लिंक्डइन प्रोफाइल टाकण्याआधी ओळखीच्या माणसाला तपासायला पाठवायचं, तर मेसेज कसा लिहायचा?

माजिवड्याच्या एका श्रोत्याचं उदाहरण घेऊ. तो भिवंडीच्या गोदामात कामाला आहे. त्याने चार मित्रांना लिहिलं, “प्रोफाइल बघ ना, कसं वाटतंय?” चौघांचंही उत्तर एकच, “मस्त आहे भावा!” आता यात मित्रांचा काय दोष? प्रश्नच इतका मोघम की “मस्त” म्हणून सुटता येतं.

पहिली गोष्ट, माणूस कोण निवडायचा? ज्याने तुमचं काम जवळून पाहिलंय आणि ज्याला तुमच्या नोकरी बदलण्याने काही फरक पडत नाही, असा. म्हणजे आत्ताचा बॉस नको. या श्रोत्याने आधीच्या नोकरीतल्या टीम लीडना लिहायचं ठरवलं. आम्ही मिळून केलेला मेसेज असा:

“ताई, नमस्कार. मी इन्व्हेंटरीच्या कामात नवीन नोकरी शोधतोय. लिंक्डइनसाठी कच्चा मजकूर लिहिलाय, अजून टाकलेला नाही. वाचायला दहा मिनिटं लागतील. तीनच गोष्टी सांगाल का? हेडलाइन वाचून मी नेमकं काय काम करतो असं वाटतं? कुठलं वाक्य फुगवलेलं वाटतं? तुम्ही पाहिलेलं माझं कुठलं काम राहून गेलंय? स्पष्ट सांगा, खोडलंत तरी चालेल. शुक्रवारपर्यंत जमलं तर बरं, व्हॉइस नोटही चालेल. नाही जमलं तरी काही हरकत नाही.”

सोबत गूगल डॉकची लिंक दिली, परवानगी Commenter ठेवून. त्यामुळे ताईंना वाक्याशेजारीच शेरा लिहिता येतो आणि मूळ मजकूर तसाच राहतो.

दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा ठरला. “कसं वाटलं?” विचारलं की टीका करणं समोरच्याला उद्धटपणा वाटतो. “फुगवलेलं कुठलं?” विचारलं की दोष दाखवणं हेच उत्तर होतं.

ताईंनी कळवलं, “‘संपूर्ण गोदाम सांभाळलं’ हे काढ. तू आवक बघायचास. पण स्टॉकमध्ये फरक येत होता तेव्हा रॅकनिहाय मोजणी तू सुरू केलीस, ते कुठेच नाही!”

मग ‘मेहनती, जिद्दी प्रोफेशनल’ ही हेडलाइन गेली. तिथे आलं, ‘गोदामातली आवक आणि स्टॉक मोजणी, भिवंडी’. हेडलाइनला २२० अक्षरांची मर्यादा आहे, पण मोबाइलवर ती बऱ्याचदा मध्येच कापली जाते. म्हणून कामाचं नाव सुरुवातीलाच हवं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. मजकूर खरा आहे का, हे ताई सांगू शकतात. पण ज्या कंपनीत जायचंय तिथे काय शोधतात, ते तिथल्या जाहिराती वाचूनच कळेल.

आणि शेरे आले की लगेच खुलासे देत बसू नका. “थँक्यू ताई” म्हणा आणि काय बदललं ते दोन ओळींत कळवा. पुढच्या वेळीही त्या स्पष्ट बोलतील.

चला, भेटू पुढच्या भागात!