दोन ओळी, चार सेकंद

बडोद्यातल्या आमच्या मंडळातल्या एका कुटुंबाचा मुलगा इंग्लंडमध्ये क्लब क्रिकेट खेळतो. सामना हरल्यावर मैदानाच्या कडेला उभं राहून त्यानं दिलेली साडेसहा मिनिटांची मुलाखत घरी आली. तो बोलतो अस्खलित इंग्रजी, तेही तिथल्या उच्चारांत आणि भरभर. त्याच्या आजीला त्यातलं काहीच कळेना. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मराठी सबटायटल्सचं काम माझ्याकडे आलं. भाषांतर मला जमतं. पण सबटायटल म्हणजे भाषांतर आणि वर घड्याळ.

नियम थोडकेच आहेत. एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत साधारण 42 अक्षरं, आणि वाचण्याचा वेग सेकंदाला 17 अक्षरांपेक्षा जास्त नको. एक सबटायटल सात सेकंदांहून अधिक काळ ठेवायचं नाही. आकडे जागोजागी थोडे बदलतात, पण मी हेच धरले.

आता यातलं 'अक्षर' म्हणजे काय? शाळेत आपण 'क्षे' हे एक अक्षर मानतो. संगणक तसं मानत नाही. त्याच्या लेखी क, हलन्त, ष आणि मात्रा अशी ती चार चिन्हं आहेत. पायथनमध्ये विचारून पाहा:

```
len("क्षेत्ररक्षण")   # 12
len("फील्डिंग")      # 8
```

डोळ्याला 'क्षेत्ररक्षण'मध्ये पाच अक्षरं दिसतात, मोजणी मात्र बारा दाखवते. म्हणजे जोडाक्षरं आणि मात्रा असलेल्या मराठीला त्याच 42 मध्ये इंग्रजीपेक्षा कमी जागा मिळते. दिसणारी अक्षरं मोजणारी साधनंही आहेत. पण मी संगणकाचीच कडक मोजणी ठेवली, कारण आमचे बरेच प्रेक्षक सत्तरीपुढचे. त्यांना थोडा जास्त वेळ मिळाला तर बरंच.

एक वाक्य तपशिलात सांगतो. मुलगा वेगवान गोलंदाज. दोन बळी कसे मिळाले असं विचारल्यावर तो म्हणतो, "ऑनेस्टली, आय वॉज जस्ट ट्राइंग टु हिट द टॉप ऑफ ऑफ स्टंप अँड लेट द पिच डू द रेस्ट." हे तो चार सेकंदांत संपवतो आणि लगेच पुढचा प्रश्न येतो. चार सेकंद गुणिले सतरा, म्हणजे माझ्याकडे 68 अक्षरं. शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं तर असं होतं: 'खरं सांगायचं तर, मी फक्त ऑफ स्टंपच्या वरच्या टोकावर चेंडू टाकायचा प्रयत्न करत होतो आणि बाकीचं काम खेळपट्टीवर सोडून दिलं होतं.' मोकळ्या जागा धरून 125. जवळजवळ निम्मं कापायला हवं.

'खरं सांगायचं तर' आधी गेलं; तो खरं बोलतोय हे चेहऱ्यावर दिसतंच. 'चेंडू टाकायचा प्रयत्न करत होतो' या लांबलचक शेपटाऐवजी 'वेध घेतला' बसतं. वेध घेतला म्हणजे नेम धरला, लागलाच असं नाही, त्यामुळे 'प्रयत्न' आत शिल्लक राहतो. 'वरच्या टोका'तलं 'वरच्या' काढलं, कारण जमिनीत रोवलेल्या स्टंपचं दिसणारं टोक वरचंच. उरलं ते असं:

```
18
00:01:12,400 --> 00:01:16,400
फक्त ऑफ स्टंपच्या टोकाचा वेध घेतला,
बाकी काम खेळपट्टीनं केलं.
```

पहिली ओळ 35, दुसरी 25, एकूण 60. वेग सेकंदाला 15. 'फक्त' मुद्दाम ठेवला. तो काढला तर आणखी पाच अक्षरं वाचतात, पण विनयानं बोलणारा मुलगा एकदम ऐटीत बोलल्यासारखा वाटतो. ओळ कुठे तोडली तेही पाहा. स्वल्पविरामावर विचाराचा एक तुकडा संपतो. मी प्रोग्रामवर सोडलं असतं तर जागा संपेल तिथे त्यानं ओळ तोडली असती, एखाद्या वेळी 'ऑफ' वर आणि 'स्टंप' खाली.

'पिच'ला तीन अक्षरं लागतात आणि 'खेळपट्टी'ला आठ, तरी मी 'खेळपट्टी' घेतला. आकाशवाणीवर बाळ पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या पिढीला तो शब्द वाचावा लागत नाही, नुसता दिसला की पुरतो. उलट 'ऑफ स्टंप'ला 'उजवी यष्टी' केलं नाही. फलंदाज डावखुरा निघाला की ती डावी होते! 'विकेट' मात्र जपून वापरायचा. तिकडचे लोक खेळपट्टीलाही विकेट म्हणतात. 'गुड विकेट' ऐकून 'चांगला बळी' लिहिलं की पुढचा सगळा परिच्छेद बिघडतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो झेलांच्या प्रश्नावर. संघानं झेल सोडले होते. मुलगा म्हणाला, "अ कपल ऑफ द लॅड्स विल बी डिसअपॉइंटेड विथ दोज." दोन पूर्णांक चार दशांश सेकंद, म्हणजे चाळीस अक्षरं. घाईत सुचतं ते 'एकदोघांनी सोपे झेल सोडले.' बसतं छान, पण ते गाऱ्हाणं झालं. इंग्रजीत तो सहकाऱ्यांना पाठीशी घालतोय: त्यांचं त्यांनाच वाईट वाटेल, मी कशाला बोलू. शब्दशः 'निराश होतील' हेही थंड वाटतं, आणि निराश कोण कोणावर ते कळत नाही. शेवटी 'एकदोघांना त्या झेलांची रुखरुख लागेल.' एक ओळ, 36 अक्षरं. 'रुखरुख'मध्ये चूक कबूल आहे आणि बोट कोणाकडेच नाही. आजी हे पाहणार, मग तिच्याकडून सगळा वाडा ऐकणार. नातू संघातल्या मुलांना नावं ठेवतो असं एका ओळीमुळे पसरायला नको होतं.

मग आला वाक्याचा क्रम. तो म्हणतो, "वुई'ड हॅव वन दॅट," मग दीड सेकंद गप्प, ओठ दाबून हसतो, आणि मग, "इफ वुई'ड हेल्ड अवर कॅचेस." व्याकरणाच्या पुस्तकातलं मराठी उलटं जातं: झेल घेतले असते तर जिंकलो असतो. हे एकत्र पडद्यावर टाकलं तर तो हसायच्या आधीच वाचणाऱ्याला कारण कळतं, आणि हसू वाया जातं. पण आपण बोलताना कुठे पुस्तकासारखं बोलतो? 'आम्ही जिंकलो असतो' हे पहिलं सबटायटल, बरोबर 17 अक्षरं, एका सेकंदात वाचून होतं. ते गप्प राहण्याच्या वेळात पडद्यावर राहू दिलं. त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला की 'झेल सोडले नसते तर.' दोघांच्या मध्ये दोन फ्रेम रिकाम्या ठेवल्या. 25 फ्रेमच्या व्हिडिओत हे 80 मिलिसेकंद. तेवढ्यानं डोळ्याला कळतं की ओळ बदलली. फट अजिबात नसेल तर कधी कधी नवी ओळ आलीय हे लक्षातच येत नाही आणि माणूस जुनीच पुन्हा वाचू लागतो.

गप्प राहण्याचा वेळ असा उसना घेता येतो. बोलणं संपल्यावरही ओळ अर्धा सेकंद ठेवता येते, जर पुढचा आवाज लगेच येत नसेल तर. आवाजाच्या आधी मात्र ओळ आणायची नाही. ओठ मिटलेले आणि खाली वाक्य, हे लगेच खटकतं.

सगळं झाल्यावर आवाज बंद करून व्हिडिओ वडिलांना दाखवला आणि मी पडद्याकडे न पाहता त्यांच्या डोळ्यांकडे पाहत बसलो. ओळ वाचून नजर पुन्हा मुलाच्या चेहऱ्यावर गेली, तर ओळ ठीक. ओळ जाईपर्यंत नजर खालीच राहिली, तर आकडे नियमात बसत असले तरी ती लांब आहे. अशा अकरा ओळी निघाल्या. त्यातल्या नऊ आणखी कापल्या. दोन तशाच ठेवल्या, कारण त्यांत मैदानाचं आणि प्रशिक्षकाचं नाव होतं, आणि नावं छोटी करता येत नाहीत.