देठ आणि करकोचा

इंग्रजीत देठ म्हणजे ‘स्टॉक’ आणि करकोचा म्हणजे ‘स्टॉर्क’. लंडनच्या प्रमाण बोलीत दोन्ही शब्द अगदी सारखेच ऐकू येतात; एडिंबरा किंवा शिकागोत मात्र करकोच्याचा ‘र’ ठळक उमटतो.

असे फरक मोजायला जॉन वेल्स यांनी 1982 मध्ये शब्दांचे 24 गट पाडले आणि प्रत्येक गटाला एका नमुना-शब्दाचं नाव दिलं. देठ ‘थॉट’ गटातला, करकोचा ‘नॉर्थ’ गटातला. लंडनमध्ये हे दोन गट एक झाले, कारण स्वरापुढचा नसलेला ‘र’ तिथे गळाला.

गंमत पुढेच आहे. ‘वॉर’चा ‘र’ एरवी मुका, पण पुढे स्वर आला की परततो: ‘वॉर इन’. ‘लॉ’ आता ‘वॉ’शी जुळतो, म्हणून जीभ तिथेही ‘र’ घुसवते आणि ‘लॉ अँड ऑर्डर’चं ‘लॉर अँड ऑर्डर’ होतं! लिखाणात नसलेला हा ‘र’ स्कॉटिश माणसाच्या तोंडी सहसा येत नाही. त्याचा मूळचा ‘र’ कधी हरवलाच नव्हता.

पुढच्या वेळी बीबीसीच्या बातम्या ऐकताना ‘लॉ अँड ऑर्डर’कडे कान द्या.