फोटोतला सूर्य, कवितेतली संध्याकाळ

सूर्यास्ताचा फोटो दिल्यावर त्यावर चार ओळी रचून देणारी एआय साधने तो फोटो आधी तुकड्यांत वाचतात. २०२० साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या एका पद्धतीत २२४ बाय २२४ पिक्सेलच्या चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे १९६ चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनाची एक संख्यामालिका होते आणि शेजारच्या व लांबच्या चौकोनांशी ताडून त्याचा अर्थ ठरतो. या मालिका पुढे भाषेच्या प्रारूपाकडे जातात. तिथे चित्र आणि आधी लिहून झालेले शब्द यांच्या आधारे पुढचा शब्द निवडला जातो.

समजा, कोकणातल्या किनाऱ्यावरचा एक फोटो आहे. सूर्य ढगाच्या पट्ट्याने अर्धा झाकला आहे, ओल्या वाळूत त्याचे प्रतिबिंब आहे, डावीकडे एक पालथी होडी काळी दिसते. माणूस किंवा पक्षी कुठेच नाही. त्यावर अशी कविता होऊ शकते :

ढगाच्या कडेवर अडला अर्धा सूर्य,
उरलेला उतरला ओल्या वाळूत;
पाठीवर अंधार घेऊन पालथी होडी
भरतीकडे कान लावून बसली.

यातली नामे फोटोने पुरवली. ‘अडला’, ‘उतरला’, ‘कान लावून’ ही क्रियेची बाजू भाषेची. भरती फोटोत दिसत नाही, पण ओली वाळू पाणी मागे सरल्याचे सांगते, म्हणून तो तर्क चालतो. होडीचा रंग मात्र सांगता येत नाही. कॅमेऱ्याने उजळ आकाशाप्रमाणे प्रकाश मोजल्यामुळे तिचा नुसता काळा आकार उरला आहे. ‘निळी होडी’ असे कवितेत आले, तर तो शब्द फोटोतला नव्हे.

चूक बहुधा अशाच जागी होते. चित्रातला पुरावा अपुरा पडला की भाषेची सवय पुढे येते आणि सूर्यास्त म्हटल्यावर नेहमी येणारे घरट्याकडे परतणारे पक्षी कवितेत शिरतात. वेळेचेही तसेच. क्षितिजावरचा सूर्य उगवतो आहे की मावळतो आहे, हे एका फोटोवरून सहसा ठरत नाही. समुद्रात टेकलेला सूर्य कोकणात संध्याकाळचा असतो, चेन्नईच्या किनाऱ्यावर सकाळचा. फोटोसोबत नोंदलेली वेळ किंवा ठिकाण प्रारूपापर्यंत पोचले नाही, तर ‘संध्याकाळ’ हा अंदाजच असतो.

कविता फोटोवरून आली की सवयीतून, हे तपासता येते. होडीचा भाग कापून तोच फोटो पुन्हा द्यावा. होडी कवितेतून गेली, तर ती ओळ फोटोवर उभी होती. तरीही राहिली, तर ती कुठल्याही सूर्यास्ताला चिकटवता आली असती. एका प्रयत्नावर निकाल देऊ नये, कारण त्याच फोटोवर दर वेळी वेगळे शब्द येऊ शकतात.